रिकाम्या रांगेकडे किती वेळाने पाहावे?

एखादे काम तिथल्या तिथे न करता नोंदवून ठेवायचे आणि दुसऱ्या प्रोग्रामने ते उचलून पार पाडायचे, अशी सोय बहुतेक संगणकीय यंत्रणांत असते. नोंदींच्या या साठ्याला रांग किंवा क्यू म्हणतात आणि कामे उचलणाऱ्या प्रोग्रामला वर्कर. रांगेत नवे काम आले हे वर्करला कळण्याचे मार्ग दोन. ठरावीक वेळाने त्याने स्वतः जाऊन पाहायचे, म्हणजे पोलिंग. किंवा काम आल्याबरोबर कोणीतरी त्याला उठवायचे, म्हणजे घटनेवर चालणारा ट्रिगर. रांग सतत भरलेली असेल तर या दोहोंत फारसा फरक पडत नाही, कारण वर्कर केव्हाही गेला तरी काम हाती लागतेच. अडचण असते ती दिवसातला बहुतेक वेळ रिकाम्या राहणाऱ्या रांगेची. तिथे बहुतेक फेऱ्या फुकट जातात, आणि फेऱ्या कमी केल्या तर आलेले काम ताटकळते.

एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसाला १२० रिपोर्ट तयार होतात, जवळपास सगळे सकाळी १० ते संध्याकाळी ६ या आठ तासांत. डॉक्टरांनी रिपोर्ट मंजूर केला की पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या `jobs` नावाच्या तक्त्यात एक ओळ पडते. वर्कर ती ओळ उचलतो, रिपोर्टची पीडीएफ बनवतो आणि रुग्णाच्या मोबाइलवर एसएमएसने दुवा पाठवतो. आठ तासांत १२० म्हणजे सरासरीने दर चार मिनिटांना एक काम. लॅबने रुग्णांना शब्द दिला आहे की मंजुरीनंतर एका मिनिटात संदेश पोहोचेल.

वर्कर दर सेकंदाला तक्ता तपासत असेल, तर दिवसात ८६,४०० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एकच काम सापडले असे धरले तरी त्यांतल्या ८६,२८० रिकाम्या जातात. एका रिपोर्टमागे ७२० फेऱ्या पडतात. हा आकडा ऐकूनच अनेक प्रोग्रामर अस्वस्थ होतात आणि लगेच गुंतागुंतीच्या उपायांकडे वळतात. त्याआधी एका रिकाम्या फेरीची किंमत मोजायला हवी. तक्त्यावर योग्य अनुक्रमणिका असेल तर पोस्टग्रेसला ‘नवे काम नाही’ हे उत्तर द्यायला दोन मिलिसेकंद धरले तरी पुष्कळ झाले. त्या हिशेबाने दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मिळून डेटाबेसचा वेळ तीन मिनिटांहून कमी जातो. एकाच लॅबसाठी चालणाऱ्या सर्व्हरवर हा खर्च नगण्य आहे, आणि तिथे दर सेकंदाला तपासणे हा पूर्ण समर्थनीय निर्णय आहे.

मात्र ‘योग्य अनुक्रमणिका असेल तर’ ही अट गंभीरपणे घ्यावी लागते. वर्षभरात पूर्ण झालेल्या कामांच्या त्रेचाळीस हजारांवर ओळी त्याच तक्त्यात साचतात. अनुक्रमणिका नसेल तर प्रत्येक रिकाम्या फेरीत डेटाबेस त्या सगळ्या चाळतो आणि शेवटी ‘काही नाही’ असे सांगतो. यावर उपाय म्हणजे फक्त नव्या कामांपुरती अनुक्रमणिका. रांग रिकामी असते तेव्हा तीही जवळपास रिकामी असते, त्यामुळे तपासणी झटकन संपते.

```sql
CREATE INDEX ON jobs (id) WHERE status = 'new';

SELECT id FROM jobs
WHERE status = 'new'
ORDER BY id
LIMIT 1
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

दुसऱ्या आज्ञेतले `SKIP LOCKED` हे शब्द पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या आरंभापासून, वापरता येतात. एका वर्करने उचललेल्या ओळीपाशी दुसरा वर्कर खोळंबत नाही, तो पुढची ओळ घेतो. साधा डेटाबेस रांग म्हणून निर्धास्तपणे वापरता येतो तो मुख्यतः या सोयीमुळे.

खर्च अंगावर येतो तो गुणाकारातून. हेच सॉफ्टवेअर ३०० लॅब वापरत आहेत, प्रत्येकीची रांग वेगळी आणि प्रत्येक रांगेवर दोन वर्कर आहेत, असे धरू. दर सेकंदाला ६०० फेऱ्या, प्रत्येकी दोन मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक सेकंदाला डेटाबेसचे १.२ सेकंद काम. प्रोसेसरचा एक संपूर्ण कोर आणि दुसऱ्याचा काही भाग रात्रंदिवस ‘काही नाही’ एवढेच सांगण्यात गुंततो. इथे ट्रिगरकडे धावण्याआधी एक सोपा उपाय पाहण्यासारखा आहे. तीनशे रांगा एकत्र करून लॅबच्या क्रमांकाचा एक स्तंभ असलेला एकच तक्ता ठेवला, तर कामाच्या आठ तासांत दिवसाचे ३६,००० रिपोर्ट त्या एका रांगेतून जातात, म्हणजे सेकंदाला सव्वा. ती रांग दिवसा रिकामी राहतच नाही आणि वाया जाणाऱ्या फेऱ्यांचा प्रश्न बराचसा मिटतो. एका लॅबच्या कामांनी दुसरीची अडवणूक होऊ नये याची काळजी तेवढी घ्यावी लागते.

अंतर ठरवताना आरंभ दिलेल्या शब्दापासून करावा. काम दोन फेऱ्यांच्या मधे कुठल्याही क्षणी येऊ शकते, म्हणून त्याला सरासरीने अंतराच्या निम्मा वेळ आणि वाईटात वाईट प्रसंगी पूर्ण अंतर थांबावे लागते. लॅबचा शब्द ६० सेकंदांचा आहे. त्यातून पीडीएफ बनवण्याचे ३ सेकंद, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचे १० सेकंद आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी १५ सेकंद वजा केले की ३२ उरतात. म्हणजे अंतर ३० सेकंदांहून जास्त असता कामा नये. हिशेब सरासरीवर करण्याची चूक इथे वारंवार होते. ६० सेकंदांचे अंतर ठेवून ‘सरासरी तर ३० चीच आहे’ असे म्हटले, तर निम्म्या रुग्णांना ३० सेकंदांहून जास्त थांबावे लागते आणि प्रक्रियेचा वेळ मिळवल्यावर शब्द मोडतो.

तीस सेकंद ही वरची मर्यादा झाली. तिच्या आत नेमका आकडा कोणता, याचे उत्तर द्यायला एक छोटे सूत्र उपयोगी पडते. फेऱ्या वाढवल्या की डेटाबेसचा खर्च वाढतो, कमी केल्या की रुग्णांचे थांबणे वाढते. या दोन खर्चांची बेरीज सर्वांत कमी कुठे होते ते हे सूत्र सांगते. कारखान्याने कच्चा माल एका वेळी किती मागवावा याचे गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले होते, आणि हे सूत्र त्याच घडणीचे आहे.

```
T = sqrt(2 * c * a / w)
```

यात `T` म्हणजे अंतर, `c` म्हणजे एका रिकाम्या फेरीचा खर्च, `a` म्हणजे दोन कामांमधला सरासरी वेळ आणि `w` म्हणजे एका कामाने एक सेकंद थांबण्याची किंमत. शेवटची किंमत कुठल्या मीटरवर दिसत नाही, ती ठरवावी लागते. रुग्णाचा एक सेकंद वाचवण्यासाठी डेटाबेसचे २० मिलिसेकंद खर्चायची तयारी आहे असे लॅबने ठरवले, तर `c` २ मिलिसेकंद, `w` २० मिलिसेकंद आणि `a` २४० सेकंद घालून उत्तर सुमारे ७ सेकंद येते. या सूत्राचा खरा उपयोग मात्र नेमक्या उत्तरापेक्षा त्याच्या स्वभावात आहे. त्यात वर्गमूळ असल्याने कामे चौपट तुरळक झाली तरी योग्य अंतर दुप्पटच होते. शिवाय सर्वांत कमी खर्चाच्या आसपास आलेख बराच सपाट असतो. अंतर दुप्पट किंवा निम्मे केले तरी एकूण खर्च २५ टक्क्यांनीच वाढतो. ७ ऐवजी १० सेकंद धरले तर वाढ जेमतेम ७ टक्के. म्हणून १० सेकंद ठरवून पुढे जावे. ८ की ११ यावर चर्चा करण्यात हशील नाही.

अंतर योग्य असूनही वर्करची घडण चुकली तर कामे तुंबतात, आणि दोष अंतरावर येतो. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी: वर्कर एक काम करतो, ठरलेला वेळ झोपतो, मग पुढचे काम घेतो. रांग सहसा रिकामी असते तोवर हे लक्षातही येत नाही. एके दिवशी डॉक्टर दुपारी साडेबाराला तपासणी यंत्राच्या संपूर्ण बॅचचे ४० रिपोर्ट एकदम मंजूर करतात. अंतर ३० सेकंद असेल तर हा वर्कर मिनिटाला दोनच कामे उरकतो आणि शेवटच्या रुग्णाला वीस मिनिटांनी संदेश मिळतो. झोप फक्त रिकाम्या फेरीनंतर घ्यायची; काम सापडले तर ते संपवून ताबडतोब पुन्हा पाहायचे, एवढा बदल केला की तेच ४० रिपोर्ट प्रत्येकी तीन सेकंदांप्रमाणे दोन मिनिटांत संपतात. त्याहून लवकर हवे असतील तर दुसरा वर्कर लागेल. तिथे अंतर कमी करून काहीच साधत नाही, कारण काम सापडायला उशीर होत नसतो, करायला होत असतो.

दुसरी प्रचलित युक्ती म्हणजे रिकाम्या फेरीगणिक अंतर वाढवत नेणे: १ सेकंद, मग २, ४, ८, १६ आणि पुढे ३० वर स्थिर, काम सापडले की पुन्हा १ पासून सुरुवात. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण बहुधा रिकाम्या असणाऱ्या रांगेत ते पुष्कळदा निष्फळ ठरते. अंतर १ पासून ३० पर्यंत चढायला ३१ सेकंद लागतात. कामे एकमेकांशी संबंध नसल्यासारखी, सरासरीने चार मिनिटांना एक अशी येत असतील, तर पुढचे काम त्या ३१ सेकंदांत येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. म्हणजे दर आठ कामांतली सात वर्करला ३० सेकंदांच्या झोपेतच गाठतात. अशा रांगेत वरची मर्यादा हेच खरे अंतर असते आणि सुरुवातीच्या लहान आकड्यांनी समाधान तेवढे मिळते. कामे घोळक्याने येत असतील, एकामागोमाग दुसरे काही सेकंदांत पडत असेल, तरच या युक्तीला अर्थ आहे.

दिवसा लहान आणि रात्री मोठे अंतर, हा वेळापत्रकाचा मार्गही बरेच जण सुचवतात. सूत्रानुसार तो बरोबर दिसतो. पण लॅबच्या उदाहरणात रात्री दोन वाजता मंजूर होणारा रिपोर्ट बहुधा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा असतो. रांग सर्वांत रिकामी असते त्याच वेळी येणारे काम सर्वांत निकडीचे असू शकते, आणि सरासरीवर आधारलेल्या सूत्राला ते दिसत नाही. कामाची किंमत वेळेनुसार बदलत असेल तर ती `w` मध्ये उतरवावी लागते. नुसती संख्या पाहून रात्रीचे अंतर वाढवणे धोक्याचे आहे.

वर्कर अनेक असतील तर त्यांच्या फेऱ्या विखुरलेल्या असाव्यात. १० सेकंदांच्या अंतराचे चार वर्कर समान अंतराने फिरत असतील तर रांगेकडे दर अडीच सेकंदांनी कोणीतरी पाहते. पण चौघेही एकाच क्षणी सुरू झाले तर एकदम जातात, एकदम परततात आणि उरलेले दहा सेकंद रांगेकडे कोणीच नसते. प्रत्येक झोपेत थोडा स्वैर फरक, १० ऐवजी ८ ते १२ च्या दरम्यान काहीही, ठेवला की ही लय मोडते.

इथवरचा विचार वर्कर विचारतो आणि लगेच उत्तर घेऊन परततो असे धरून झाला. यात एक मधला मार्ग आहे. विचारलेला प्रश्न सर्व्हरनेच धरून ठेवायचा. काम आले की तत्क्षणी उत्तर द्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत आले नाही तरच ‘काही नाही’ म्हणायचे. याला लाँग पोलिंग म्हणतात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांग-सेवेत ही मुदत `WaitTimeSeconds` या नावाने ठरवता येते आणि ती जास्तीत जास्त २० सेकंद असते. तिथे प्रत्येक विचारणेचे पैसे पडतात, उत्तर रिकामे असले तरी. एका वर्करने दर सेकंदाला साधी विचारणा केली तर ३० दिवसांत २५,९२,००० विचारणा होतात. वीस सेकंदांच्या लाँग पोलिंगने रिकाम्या रांगेवर त्या १,२९,६०० वर येतात. वीसपट बचत होऊनही काम मिळायला उशीर होत नाही, उलट ते लवकर मिळते. आणखी एक फायदा कमी माहितीचा आहे. एसक्यूएसची साधी विचारणा रांग साठवणाऱ्या सगळ्या सर्व्हरांपैकी काहींनाच विचारते, त्यामुळे थोडी कामे असलेली रांग एखाद्या वेळी रिकामीच दिसू शकते. लाँग पोलिंग सगळ्यांना विचारते. तुरळक भरणाऱ्या एसक्यूएस रांगेसाठी साधी विचारणा वापरायचे सबळ कारण क्वचितच सापडेल. एक पथ्य तेवढे पाळावे: वर्करची स्वतःची नेटवर्क-मुदत २० सेकंदांहून जास्त असावी, नाहीतर उत्तर येण्याआधीच तो जोडणी तोडतो आणि लॉगमध्ये अकारण चुकांची रास पडते.

ॲमेझॉनच्याच लॅम्डा या सेवेला एसक्यूएस रांग जोडली की काम आल्यावर आपला कोड आपोआप चालतो, म्हणून तिला सर्रास ट्रिगर म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथेही पोलिंगच चालते, फक्त ते ॲमेझॉन करते. साध्या रांगेवर लॅम्डाचे पाच पोलर लाँग पोलिंगने विचारत असतात आणि त्या विचारणा ग्राहकाच्या एसक्यूएस बिलात मोजल्या जातात. प्रत्येक विचारणा वीस सेकंद टिकते असे धरले तर एका रिकाम्या रांगेवर महिन्याला सुमारे ६,४८,००० विचारणा होतात. महिन्याच्या पहिल्या दहा लाख विचारणा मोफत असल्याने एका रांगेला हा खर्च दिसत नाही. दुसरी तशीच रिकामी रांग जोडली की मर्यादा ओलांडते. दर कमी असल्याने रक्कम मोठी नसते, पण कामच नसताना बिल कुठून आले, याचे कोडे यातून सुटते.

लॅबची रांग पोस्टग्रेसमध्ये आहे, आणि तिथे विचारणा धरून ठेवण्याची सोय नाही. त्याऐवजी `LISTEN` आणि `NOTIFY` या दोन आज्ञा आहेत. वर्कर एका नावावर कान ठेवून बसतो आणि नवी ओळ लिहिणारा प्रोग्राम त्या नावाने सूचना देतो. सूचना नवी ओळ लिहिणाऱ्या व्यवहारातच दिली, तर व्यवहार पक्का झाल्यावरच ती पोहोचते, हा या सोयीचा मोठा गुण आहे. हीच सूचना दुसऱ्या एखाद्या वाटेने, व्यवहार पक्का होण्याआधी पाठवली तर वर्कर जागा होतो, त्याला तक्त्यात काहीच दिसत नाही आणि तो पुन्हा झोपतो. क्षणभराने ओळ उमटते, पण तिची सूचना आधीच खर्ची पडलेली असते. असा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण तिथे सर्व्हरवर ताण नसतो आणि व्यवहार लगेच पक्का होतो.

या सूचनांना स्मरण नसते. ज्या क्षणी सूचना निघाली त्या क्षणी वर्करची जोडणी तुटलेली असेल तर ती कायमची गेली. परत जोडल्यावर ती मिळत नाही. म्हणून सूचनेत काम भरून पाठवू नये. काम तक्त्यातच राहावे आणि सूचनेचा अर्थ ‘जाऊन पाहा’ एवढाच असावा. मग एक सूचना हरवली तरी काम हरवत नाही, फक्त उशिरा सापडते. आणि ते सापडावे यासाठी ट्रिगर असूनही मंद गतीचे पोलिंग चालू ठेवावे लागते.

```
LISTEN jobs_new
सतत:
    जोवर काम मिळते तोवर: काम उचल, पूर्ण कर
    सूचनेची वाट पाहा, जास्तीत जास्त ३०० सेकंद
```

या चार ओळींतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी कान लावायचा, मग तक्ता पाहायचा, मग वाट पाहायची. आधी तक्ता पाहिला आणि नंतर कान लावला तर मधल्या क्षणात आलेले काम दोन्हींतून निसटते. जोडणी तुटून पुन्हा जुळल्यावरही हाच क्रम पहिल्यापासून चालवायला हवा. शेवटच्या ओळीतले ३०० सेकंद म्हणजे राखणीची फेरी. ती दिवसात २८८ वेळा होते. लॅबसाठी मात्र तिची मुदत शब्दाशी ताडून पाहायला हवी. सूचना हरवणे अगदी विरळा असेल तर पाच मिनिटे चालतील. एकही संदेश मिनिटापलीकडे जायला नको असेल तर राखणीची फेरीच ३० सेकंदांनी हवी, आणि तसे असेल तर सूचनांचा सगळा सरंजाम उभारून नेमके काय मिळवले, हा प्रश्न विचारावा. उत्तर एवढेच असते की बहुतेक रुग्णांना संदेश पंधरा सेकंद आधी मिळतो. लॅबच्या साध्या रिपोर्टांसाठी तेवढ्यावर हा खटाटोप करावासा वाटत नाही. पैसे भरल्यावर दुकानदाराला घोषणा ऐकू यायला हवी अशा ठिकाणी पंधरा सेकंद फार मोठे असतात, आणि तिथे ट्रिगरला पर्याय नाही.

ट्रिगर निःसंशय वरचढ ठरतो अशी आणखी एक परिस्थिती आहे: नुसत्या तपासण्याने काहीतरी महागडे जागे होते तेव्हा. निऑनसारखी पोस्टग्रेस सेवा पाच मिनिटे कोणी काही विचारले नाही तर डेटाबेस निजवते आणि तेवढ्या काळाचे प्रक्रिया-शुल्क लावत नाही. दर मिनिटाला जाणारी एक रिकामी फेरी त्याला रात्रभर निजू देत नाही. त्या दोन मिलिसेकंदांच्या प्रश्नाची किंमत मग पूर्ण मिनिटाएवढी होते, आणि वरच्या सूत्रातला `c` हजारो पटींनी वाढतो. तिथे `LISTEN` ही कामाचे नाही, कारण डेटाबेस निजला की ती जोडणीही जाते. नोंद करणाऱ्या प्रोग्रामनेच व्यवहार पक्का झाल्यावर वर्करला थेट हाक द्यावी आणि राखणीची फेरी तासाने ठेवावी, हे बरे.

उलट, काही ठिकाणी घटनाच नसते. एसएमएस सेवा बंद असल्याने एखादे काम ‘दहा मिनिटांनी पुन्हा’ म्हणून मागे ठेवले, तर दहा मिनिटांनी कोणी नवी ओळ लिहीत नाही आणि कोणी सूचना देत नाही. वेळ उलटतो एवढेच. फक्त सूचनांवर विसंबलेल्या वर्करच्या हातून अशी कामे तक्त्यात पडून राहतात. म्हणून वाट पाहण्याची मुदत राखणीची फेरी आणि सर्वांत जवळच्या मागे ठेवलेल्या कामाची वेळ, यांपैकी जी आधी येईल ती असावी. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्या ताब्यात नसलेला स्रोत. मोठी तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवली आणि ती आपले निकाल एका सामायिक फोल्डरमध्ये टाकत असेल, तर ती आपल्याला हाक देणार नाही. लिनक्समधली `inotify` ही सोय फोल्डरमध्ये फाइल आल्याचे कळवते खरी, पण एनएफएसवरून जोडलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या यंत्राने टाकलेली फाइल तिला दिसत नाही. आपल्या यंत्रावर केलेली चाचणी यशस्वी होते आणि प्रत्यक्षात एकही निकाल उचलला जात नाही. तिथे पोलिंगच करावे.

रांग भरू लागली की ट्रिगरचा फायदा ओसरतो आणि तो ओझेही होऊ शकतो. जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये नेटवर्कच्या संदर्भात हे दाखवले होते: प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरला उठवले तर भाराच्या एका टप्प्यानंतर त्याचा सगळा वेळ उठण्यातच जातो आणि काम एकही पूर्ण होत नाही. लिनक्सच्या नेटवर्क यंत्रणेत यावरचा तोडगा नॅपी या नावाने आहे. भार कमी असताना पॅकेट आले की इशारा. भार वाढला की इशारे बंद करून पोलिंग, आणि रांग आटली की पुन्हा इशारे. लॅबच्या वर्करची वर दिलेली चार ओळींची घडणही हेच करते. कामे मिळत आहेत तोवर तो सूचनांकडे पाहत नाही, नुसता उचलत राहतो. रिकामा झाला तरच वाट पाहतो.

निवडलेले अंतर किंवा बसवलेला ट्रिगर नीट चालतो का, हे रांगेच्या लांबीवरून कळत नाही. बहुधा रिकाम्या रांगेची लांबी कधीही पाहिली तरी शून्य किंवा एक दिसते, आणि वर्कर बंद पडून पहिलेच काम अडकले असले तरी ती एकच दिसते. पाहायचे ते सर्वांत जुन्या प्रलंबित कामाचे वय. एसक्यूएसमध्ये ते `ApproximateAgeOfOldestMessage` या मोजमापात मिळते आणि रिकाम्या विचारणा `NumberOfEmptyReceives` मध्ये. स्वतःच्या तक्त्यात काम नोंदल्याची आणि उचलल्याची वेळ जपून ठेवली की त्यांतला फरक दिवसाअखेर काढता येतो. १० सेकंदांच्या पोलिंगमध्ये हे फरक शून्य ते दहाच्या दरम्यान सारखे पसरलेले दिसायला हवेत. ते दहाच्या पुढे सरकले तर वर्कर कमी पडत आहेत. थेट तीसपर्यंत पसरले तर कोणीतरी अंतर बदलले आहे किंवा वर्कर प्रत्येक कामानंतर झोपत आहे.

ट्रिगर असलेल्या यंत्रणेत आणखी एक नोंद ठेवावी: काम सूचनेमुळे सापडले की राखणीच्या फेरीत. सूचना हरवू लागल्या तरी यंत्रणा बंद पडत नाही, कामे होत राहतात, फक्त उशिरा. त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. राखणीच्या फेरीत सापडणाऱ्या कामांचा आकडा एरवी शून्याच्या जवळ असतो. तो वाढला की जोडणी वरून जिवंत दिसत असली तरी पलीकडून तुटलेली असते, किंवा मधे पीजीबाउन्सर बसवून त्याची व्यवहारागणिक जोडणी वाटण्याची पद्धत सुरू केलेली असते, ज्यात `LISTEN` चालत नाही. पहिल्या प्रसंगी जोडणीवर दर काही सेकंदांनी जिवंतपणाची तपासणी सुरू करावी. दुसऱ्या प्रसंगी कान लावणाऱ्या वर्करची जोडणी पीजीबाउन्सरला वगळून थेट डेटाबेसला द्यावी.